"आकृतीत दाखवल्याप्रमाणे" लिहिलंय आणि आकृतीच आली नाहीये, मुलांना आधी काय विचारता तुम्ही?

कळव्याची_ताई · सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी कळव्याला आमच्या सोसायटीच्या खोलीत संध्याकाळी आठवी ते दहावीची मुलं घेते, मराठी माध्यमाची, अकरा जण आहेत, आणि राहिलेले डाऊट ती रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात. गेल्या आठवड्यात दहावीतल्या एका मुलीचा मेसेज आला, नुसता टाइप केलेला, फोटो नाही:

"आकृतीत DE ∥ BC आहे. AD = ३, DB = ५, DE = ६ तर BC = ?"

फोटो परत पाठव म्हटलं तर म्हणाली फोन बाबांचा आहे, ते आता नाइट शिफ्टला निघाले, वर्कशीट माझ्यासमोर आहे पण फोटो उद्याच. मला वाटलं त्यात काय एवढं, प्रमाणाचं मूलभूत प्रमेय, त्रिकोणाच्या पोटात समांतर रेघ, हजार वेळा काढलेली आकृती. AB झाली ८, गुणोत्तर ३ ला ८, BC आली १६. समजावून पाठवलं. दोन दिवस ती काहीच बोलली नाही, मग हळूच म्हणाली ताई वर्कशीटच्या मागे उत्तर ४ दिलंय, मीच काहीतरी चुकीचं लिहून घेतलं असेल.

तिने काहीच चुकीचं लिहिलेलं नव्हतं. न बघितलेली आकृती मीच मनाने काढली होती. दोन दिवस ती पोर स्वतःला दोष देत बसली हे मला फार लागलंय. म्हणून विचारते, चित्र नसताना पहिला प्रश्न कुठला विचारायचा? गणितच नाही, विज्ञान आणि भाषेतही हेच होतं.

---

नेरुळ_पूर्व · सोमवार, रात्री १०.०५

ताई हे सेटिंगचं असतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज आणि डेटा असं आहे तिथे मीडिया ऑटो डाउनलोड बंद असेल तर फोटो धूसर दिसतो, त्याच्यावर बोट ठेवलं की उघडतो. माझ्या सासूबाईंच्या फोनला पण असंच झालेलं, आम्ही समजत होतो की लोक फोटोच पाठवत नाहीत. फोनमध्ये जागा संपली असेल तरी असं होतं.

---

कळव्याची_ताई · सोमवार, रात्री १०.१२

धन्यवाद, ते मी बघून ठेवते, पण माझं म्हणणं वेगळं आहे. फोटो पाठवलेलाच नाहीये आणि लगेच येणारही नाहीये. मुलीसमोर कागद आहे, माझ्यासमोर नाही. त्या कागदावरचं मला हवं तेवढं तिच्याकडून कसं काढून घ्यायचं हे विचारतेय.

---

घोडबंदर_रोड_इंजि · सोमवार, रात्री १०.३१

माझ्या मते आपण उगाच आकृतीला महत्त्व देतो. गणितात संख्या पूर्ण दिल्या असतील तर आकृती नुसती सजावट असते. उदाहरण द्यायचं तर तुमच्याच प्रश्नात AE = ४.५ दिलं असतं आणि EC विचारली असती तर ३ ला ५ बरोबर ४.५ ला EC, उत्तर ७.५, आकृती बघायची गरजच नाही. त्यामुळे BC चं उत्तर ४ हे छपाईची चूक असणार, या वर्कशीटवाल्यांचं असंच असतं. विचारायचंच असेल तर एकच प्रश्न, "नेहमीचीच आकृती आहे ना?" हो म्हणाली की सोडवून टाका.

---

नौपाडा_भूमिती · मंगळवार, सकाळी ६.५०

सकाळी तलावपाळीला फेरी मारून आलो आणि धागा वाचला. एकतीस वर्षं भूमिती शिकवली, आता निवृत्त आहे, तर थोडं सविस्तर लिहितो, सांभाळून घ्या.

इंजि साहेब, EC बद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, आणि ते वाटतं त्यापेक्षाही जास्त बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकतो. कागद घेऊन बसा. मजकुरात "D हा बाजू AB वर आहे" असं कुठेच म्हटलेलं नाही. म्हणजे A, B आणि D एका रेषेत आहेत एवढंच धरलं तरी D ला बसायला तीन जागा उरतात: A आणि B च्या मध्ये, A च्या पलीकडे, किंवा B च्या पलीकडे.

आता दिलेल्या संख्या लावून बघा. D जर B च्या पलीकडे असेल तर A पासून D पर्यंत जाताना B वाटेत लागणार, म्हणजे AD ही DB पेक्षा मोठी हवी. इथे AD ३ आणि DB ५, म्हणजे ही जागा संख्यांनीच बाद केली, मुलीला त्याबद्दल विचारायचीसुद्धा गरज नाही. उरल्या दोन. मध्ये असेल तर AB = ८, गुणोत्तर ३/८, BC = १६, हे ताईंचं उत्तर. A च्या पलीकडे असेल तर B पासून D पर्यंतच्या वाटेत A येतो, DB = ५ मधून AD = ३ गेले, AB राहिली २. ADE आणि ABC हे दोन त्रिकोण एकमेकांकडे टोक करून उभे, डमरूसारखे. गुणोत्तर ३/२, म्हणून BC = ४. वर्कशीटचं उत्तर बरोबर आहे, छपाईची चूक नाही.

आणि EC चं बघा. दुसऱ्या आकृतीत AE = ४.५, गुणोत्तर ३/२, म्हणून AC = ३, आणि E पासून C पर्यंत मध्ये A लागतो म्हणून EC = ४.५ + ३ = ७.५. दोन्ही आकृत्यांत तेच! म्हणजे आकृती तीच हरवलेली, पण प्रश्न EC चा असेल तर तिच्यावाचून काही अडत नाही, आणि प्रश्न BC चा असेल तर तिच्यावाचून उत्तरच देता येत नाही.

म्हणून मी आधी विद्यार्थ्याला काहीच विचारत नाही. मजकुरात बसतील तेवढ्या आकृत्या आधी आपणच कच्च्या काढायच्या आणि प्रत्येकीत उत्तर काढून बघायचं. सगळीकडे तेच येत असेल तर विचारू नका, सोडवा. वेगळं येत असेल तर त्या आकृत्या एकमेकींपासून नेमक्या जिथे वेगळ्या होतात तेवढंच विचारा. इथे फरक एकाच गोष्टीत आहे, D, A आणि B यांचा क्रम.

---

कळव्याची_ताई · मंगळवार, सकाळी ७.२०

सर, हे वाचून मी खरंच कागदावर काढलं, १६ पण येतंय आणि ४ पण येतंय. तिसरी जागा संख्या बाद करतात हे तर माझ्या डोक्यातच आलं नसतं. मग मी तिला असं विचारायला हवं होतं का, की "D हा A आणि B च्या मध्ये आहे ना?"

---

नौपाडा_भूमिती · मंगळवार, सकाळी ७.४५

नको. त्यातला "ना" काढा. रात्रीचे साडेनऊ झालेत, मूल दमलंय, समोर ताई विचारतेय, ते हो म्हणणार. इंजि साहेबांच्या "नेहमीचीच आकृती आहे ना" चंही तेच, मुलीला नेहमीची म्हणजे कुठली ते माहीतच नाही, तिच्यासमोर जी आहे तीच तिला नेहमीची.

असं विचारा: "D, A, B ही अक्षरं ज्या रेषेवर आहेत तिच्यावर बोट ठेव, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जा, आणि लागतील तशी अक्षरं लिही." ती D, A, B असं लिहील नाहीतर A, D, B असं लिहील. यात हो-नाही नाही, तिला काही ओळखायचं नाही, नुसतं बघून उतरवायचं आहे. नववीच्या पुस्तकात दरम्यानता आहे, D-A-B अशी लिहायची पद्धत मुलांना माहीत असते, तिचा इथे किती उपयोग होतो बघा.

आणि त्याच्याही आधी एक. प्रश्न शब्दाला शब्द टाइप करायला सांगा. मुलं स्वतःच्या भाषेत आखडून लिहितात. मूळ कागदावर "बाजू AB वर बिंदू D" असं असेल तर D मध्येच आला, विषय संपला. "रेषा AB वर" असं असेल तर तिन्ही जागा मोकळ्या. बाजू आणि रेषा या एका शब्दाच्या फरकावर कधी कधी चित्राचं अर्धं काम भागतं, आणि नेमका तोच शब्द मुलं गाळतात.

---

घोडबंदर_रोड_इंजि · मंगळवार, सकाळी ९.१०

सर मान्य. मी मध्येच असणार असं धरून चाललो होतो आणि वर छपाईची चूक म्हणालो, ते मागे घेतो. EC दोन्हीकडे ७.५ आलं ते मी लोकलमध्ये उभ्याने दोनदा करून बघितलं.

---

रबाळे_पॅनल · मंगळवार, दुपारी १.३५

मी शिक्षक नाही, रबाळे एमआयडीसीत कंट्रोल पॅनल वायरिंगचं काम करतो, पण हा धागा वाचून राहवलं नाही कारण आमचं अर्धं आयुष्य याच्यातच जातं, साइटवरचा पोरगा फोन करतो पॅनल चालत नाही, ड्रॉइंग त्याच्याकडे, आम्ही ऐरोली ब्रिजवर अडकलेले.

माझ्या भाच्याचा दहावीचा प्रश्न होता, विज्ञानाचा. "आकृतीतील परिपथात २, ३ आणि ६ ओहमचे रोध जोडले आहेत, एकूण रोध काढा." आकृती नाही. मी त्याला सरळ विचारलं सिरीज आहे की पॅरलल. तो म्हणाला पॅरलल. मी म्हटलं १ ओहम. उत्तर होतं ४. रविवारी घरी गेलो, पुस्तक बघितलं, तर २ ओहम एकटा पुढे आणि त्याच्यामागे ३ आणि ६ एकमेकांना समांतर. ३ आणि ६ चे झाले २, अधिक पुढचे २, चार. भाचा खोटं बोलला नव्हता, त्याला दोन रोध एकावर एक दिसले, त्याने पॅरलल सांगितलं. मीच त्याला दोन पर्याय दिले आणि खरं उत्तर त्या दोन्हींत नव्हतं. नंतर मोजून काढलं, या तीन रोधांच्या आठ वेगवेगळ्या जोडण्या होतात आणि आठही उत्तरं वेगळी येतात, १ पासून ११ ओहमपर्यंत. आठातल्या दोनच मी त्याच्यासमोर ठेवल्या होत्या.

आता मी त्याला असं सांगतो. बॅटरीच्या अधिक टोकावर बोट ठेव, तारेवरून चाल, आधी काय लागतं ते सांग, आणि जिथे वाट फुटते तिथे थांब. तिथून किती वाटा निघतात, एकेका वाटेवर काय काय आहे, आणि त्या वाटा परत कुठे एकत्र येतात. सिरीज पॅरलल हे शब्द त्याने काढायचेच नाहीत, ते माझं काम.

---

कळव्याची_ताई · मंगळवार, दुपारी २.०५

हे तर सरांच्या बोट ठेवण्यासारखंच झालं की! पण आकृती मोठी असेल, पाच-सहा रोध असतील तर? मूल अर्ध्यात हरवतं, "मग वर जातो मग खाली येतो" असलं काहीतरी लिहितं.

---

रबाळे_पॅनल · मंगळवार, रात्री ८.५०

हो, मोठ्याला बोट पुरत नाही. वाट फुटते, मध्येच दुसऱ्या वाटेला आडवी तार जोडलेली असते, तिथे चालत जाण्याची पद्धत बिघडते. तिथे आमची फेरूलची पद्धत लावा. पॅनलमध्ये प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना नंबरची छोटी प्लास्टिकची रिंग असते, तिला फेरूल म्हणतो आम्ही. तार मध्ये कुठेच न तुटता, कुठलाही पार्ट न लागता जिथपर्यंत जाते तिथपर्यंत एकच नंबर. पार्ट ओलांडला की नंबर बदलला.

भाच्याला सांगितलं पेन्सिलने तारांना नंबर दे. बॅटरीच्या अधिक टोकाला लागलेली तार १, ती जिथे जिथे जाते सगळीकडे १. रोध ओलांडला की २. असं करत जा. मग मला फक्त एवढं पाठव:

```
बॅटरी : १ - ३
२ ओहम : १ - २
३ ओहम : २ - ३
६ ओहम : २ - ३
```

चार ओळींत अख्खी आकृती माझ्याकडे आली. ३ आणि ६ दोघंही २ आणि ३ च्या मध्ये, म्हणजे समांतर. २ ओहम १ आणि २ च्या मध्ये, म्हणजे त्यांच्या पुढे. एक मात्र नक्की सांगा मुलांना, कागदावर तार वाकली, लांब गेली, कोपऱ्यात वळली म्हणून नंबर बदलत नाही. आणि कागदावर एकाखाली एक काढलेले रोध समांतर असतीलच असं नाही, दोघांची दोन्ही टोकं त्याच नंबरांना लागली तरच. नंबर चुकला की सगळं चुकतं, म्हणून आलेली यादी परत वाचून बघा, एखादा नंबर फक्त एकदाच आला असेल तर ती तार हवेत लटकतेय, म्हणजे मुलाचं काहीतरी राहिलंय.

---

नौपाडा_भूमिती · मंगळवार, रात्री ९.१५

उत्तम. एखादा नंबर एकदाच आला तर शंका घ्यायची, ही तपासणी मला फार आवडली.

---

सीवूड्सची_आई · मंगळवार, रात्री ९.४०

मी शिकवत नाही, आई आहे, मुलगी दहावीत आहे. मला दुसरी बाजू सांगायची आहे. क्लासच्या सरांना तिने भिंगाचा प्रश्न विचारला, फोटो नीट आला नव्हता, तर सरांनी एकामागून एक सहा प्रश्न पाठवले, कुठलं पुस्तक, कितवं पान, कुठलं भिंग, वस्तू कुठे, पडदा आहे का, प्रश्न पूर्ण लिही. तिने फोन ठेवून दिला आणि म्हणाली जाऊ दे मी उद्या मैत्रिणीला विचारते. मुलांना उत्तर हवं असतं, इतक्या चौकशीला ती कंटाळतात.

मग तिने मला विचारलं. प्रश्न असा होता की आकृतीतल्या भिंगापासून २० सेंटिमीटरवर वस्तू आहे, नाभीय अंतर १० सेंटिमीटर, प्रतिमा कुठे पडेल. मी म्हटलं बहिर्गोल की अंतर्गोल? तर तिला तेच दोन शब्द नेहमी उलटे होतात! मग मी म्हटलं, मध्ये जाड काढलंय की कडेला जाड? ते तिने लगेच सांगितलं. मध्ये जाड. मग पुढचं आम्ही दोघींनी मिळून केलं.

---

नौपाडा_भूमिती · मंगळवार, रात्री १०.००

तुम्ही अगदी योग्य विचारलंत. मध्ये जाड म्हणजे बहिर्गोल, प्रतिमा पलीकडे २० सेंटिमीटरवर, उलटी, वस्तूएवढीच. कडेला जाड असतं तर अंतर्गोल, प्रतिमा वस्तूच्याच बाजूला भिंगापासून साधारण ६.७ सेंटिमीटरवर, सुलटी आणि लहान. त्या सहा प्रश्नांपैकी उत्तर बदलणारा प्रश्न एकच होता, तोच तुम्ही विचारलात, आणि तोही नाव न घेता.

फक्त एक अडचण. काही पुस्तकांत भिंग फुगीर काढतच नाहीत, नुसती उभी रेघ आणि तिच्या दोन टोकांना बाण काढतात. मुलगी म्हणेल मध्येही जाड नाही आणि कडेलाही नाही. तेव्हा बाणांची टोकं बाहेर आहेत की आत वळलेली ते विचारावं लागतं. नाहीतर किरण काढलेले असतील तर भिंगातून गेल्यावर ते जवळ येतात की फाकतात हे विचारा, ते दोन्ही प्रकारच्या आकृत्यांना चालतं.

---

ऐरोली_सेक्टर_मराठी · बुधवार, सायंकाळी ६.२०

मी मराठी शिकवते. आमच्याकडे चित्र क्वचित असतं, पण चित्रासारखीच हरवणारी एक गोष्ट असते, रेघ. "अधोरेखित शब्दाची जात ओळखा." मुलं वाक्य टाइप करतात आणि रेघ कागदावरच राहते. पीडीएफमधून कॉपी केलं तरी बहुतेक वेळा अक्षरं येतात आणि रेघ गळते. मुलाला कळतच नाही की काही हरवलंय, कारण त्याच्यासमोरच्या कागदावर ती आहेच.

परवाचं वाक्य: "ती चांगलं गाणं चांगलं गाते." मी विचारलं कुठल्या शब्दाखाली रेघ आहे? उत्तर आलं, चांगलं. आता यात दोन चांगलं आहेत. पहिलं गाण्याबद्दल सांगतं, ते विशेषण. दुसरं गाण्याच्या रीतीबद्दल सांगतं, कशी गाते, चांगलं गाते, ते क्रियाविशेषण. शब्द तोच, रूप तेच, जात वेगळी. माझा प्रश्न बरोबर वाटत होता पण त्याने काहीच उलगडलं नाही. मग विचारलं, रेघ असलेल्या शब्दाच्या लगेच पुढचा शब्द कोणता? "गाते." झालं.

तेव्हापासून मी शब्द विचारत नाही, शेजारी विचारते.

दुसरी गंमत म्हणजे रेघेची लांबी. "टेबलाखाली मांजर बसलं." रेघ फक्त "खाली" खाली असेल तर शब्दयोगी अव्यय. "खाली मांजर बसलं" असं सुटं असतं तर तेच क्रियाविशेषण झालं असतं. पण रेघ पूर्ण "टेबलाखाली" खाली असली तर काय लिहायचं? म्हणून मी विचारते, रेघ कुठल्या अक्षराला सुरू होते आणि कुठल्या अक्षराला संपते.

---

घोडबंदर_रोड_इंजि · बुधवार, सायंकाळी ७.०५

पूर्ण टेबलाखालीला रेघ असेल तर उत्तर काय मग?

---

ऐरोली_सेक्टर_मराठी · बुधवार, सायंकाळी ७.३०

त्यावर आमच्या स्टाफरूममध्ये एकमत नाही हो. काही म्हणतात नामाला शब्दयोगी जोडून आलेला शब्द एवढंच लिहा, काही म्हणतात कुठे बसलं या प्रश्नाचं उत्तर मिळतंय म्हणजे वाक्यात काम क्रियाविशेषणाचं आहे तर तसं लिहा. मी मुलांना सांगते की अशी रेघ आली तर फोड करून लिहा, टेबल हे नाम आणि खाली हे शब्दयोगी. पण पेपर तपासणारा काय धरेल ते मी छातीठोकपणे सांगणार नाही.

---

घोडबंदर_रोड_इंजि · बुधवार, सायंकाळी ७.५०

मला अजून एक वाटतं. विचारत बसण्यापेक्षा दोन्ही उत्तरं देऊन टाकली तर? D मध्ये असेल तर १६, पलीकडे असेल तर ४, तुझी आकृती बघ आणि घे. मुलीचा वेळ वाचला, फोन बाबांचा असला तरी एकाच मेसेजात काम झालं.

---

कळव्याची_ताई · बुधवार, रात्री ८.३०

मी हे करून बघितलंय. मुलं पहिलं उत्तर उतरवतात आणि दुसरं वाचत नाहीत. हुशार मुलाला चालेल, पण ज्याला मुळात आकृतीच कळलेली नाही त्याला "जर मध्ये असेल तर" म्हणजे काय हे कुठे कळतं.

---

नौपाडा_भूमिती · बुधवार, रात्री ८.५५

माझं मत इंजि साहेबांच्या जरा जवळ आहे. फोन परत हातात येणारच नसेल, उद्या सकाळी परीक्षा असेल, तर दोन्ही द्यावीत, पण उत्तरं नाही, दोन कच्च्या आकृत्या काढून त्यांचा फोटो पाठवावा आणि विचारावं यातली तुझ्या कागदावर कुठली आहे. चित्र त्यांच्याकडून येत नाही तर आपल्याकडून जाऊ दे. आठ जोडण्या असतील तिथे हे जमणार नाही, दोन-तीनच असतील तिथे जमतं.

---

सीवूड्सची_आई · बुधवार, रात्री ९.१०

सर, आकृती पाठवली तर मूल त्यातल्या त्यात सारखी दिसणारी निवडेल की. माझी तर नक्की निवडेल.

---

नौपाडा_भूमिती · बुधवार, रात्री ९.२५

तीही भीती आहे खरी. यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. आकृती पाठवली तरी अक्षरांचा क्रम तिच्याकडून लिहून घ्यावा असं मी करतो, म्हणजे दोन साक्षी होतात.

---

कळव्याची_ताई · गुरुवार, रात्री १०.१५

मंडळी, आज लगेच वापरायची वेळ आली. त्याच मुलीचा मेसेज, पुन्हा बाबांच्या फोनवरून, पुन्हा नुसता टाइप केलेला: "आकृतीत O केंद्र आहे. ∠AOB = ८०°, C वर्तुळावर आहे. ∠ACB = ?"

बोटं आपोआप ४० लिहायला निघाली होती, केंद्रीय कोनाच्या निम्मा. थांबले आणि सरांनी सांगितलं तसं आधी वहीत काढलं. C विशालकंसावर असेल तर ४०. पण मजकुरात नुसतं "वर्तुळावर" आहे, C लघुकंसावर बसला तर समोरचा कंस २८० चा होतो आणि कोन १४०. उत्तर बदलतंय म्हणजे विचारायलाच हवं. विशालकंस की लघुकंस असं विचारलं असतं तर तिने अंदाजाने एक सांगितलं असतं. A आणि B जोडणारी रेघ आकृतीत असेल की नाही तेही मला माहीत नव्हतं.

म्हणून असं लिहिलं: "पट्टी घे. A आणि B दोन्ही पट्टीच्या कडेला टेकतील अशी ठेव. आता O पट्टीच्या कुठल्या बाजूला आहे आणि C कुठल्या बाजूला, नुसतं बघून लिही."

पाच मिनिटांनी उत्तर आलं, "O वर, C खाली." मी टाइप करायला घेतलं तेवढ्यात तिचाच दुसरा मेसेज आला:

"म्हणजे ४० नाही ना ताई? मी ४० लिहिलं होतं. C तर छोट्या भागात आहे."